एसएनए 77: दोष वरच्या जबड्याचा?

दात पुढे आलेली बारा वर्षांची एक मुलगी उपचारासाठी आली आहे, असं समजू. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या 8 मिलिमीटर पुढे आहेत. असे दात निव्वळ कललेले असू शकतात, वरचा जबडाच पुढे वाढलेला असू शकतो किंवा खालचा मागे राहिलेला असू शकतो. आरशात तिन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा. म्हणून डोकं एका चौकटीत स्थिर धरून बाजूने क्ष-किरण चित्र घेतात. या चित्राला सेफॅलोग्राम म्हणतात. 1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हॉफ्राथ यांनी ही पद्धत स्वतंत्रपणे मांडली.

एम.डी.एस.च्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी या चित्रावर ट्रेसिंग पेपर लावतो आणि आधी चार बिंदू शोधतो. पिट्युटरी ग्रंथी ज्या हाडाच्या खळग्यात बसते त्याचा मध्य म्हणजे सेला. कपाळाचं हाड आणि नाकाचं हाड जिथे सांधतात तिथला सर्वांत पुढचा बिंदू नेझिऑन. वरच्या जबड्याच्या पुढच्या वक्राचा सर्वांत खोल भाग म्हणजे ए बिंदू आणि खालच्या जबड्यावरचा तसाच भाग म्हणजे बी बिंदू.

सेला ते नेझिऑन ही रेषा कवटीच्या तळाची. नेझिऑनपाशी तिने ए बिंदूशी केलेला कोन एसएनए, बी बिंदूशी केलेला एसएनबी आणि दोघांतला फरक एएनबी. 1952 साली रीडेल यांनी या कोनांची मापं मांडली आणि पुढच्याच वर्षी स्टायनर यांनी ती आपल्या पद्धतीत घेतली. सरासरी एसएनए 82 अंश, एसएनबी 80, एएनबी 2. ही सरासरी अमेरिकन चेहऱ्यांची आहे आणि तिथेही ती दोन-तीन अंश इकडेतिकडे होते, म्हणून एखाद-दुसऱ्या अंशाच्या फरकावर निदान उभं करू नये.

आपल्या मुलीचं एसएनए आलं 77, एसएनबी 71, एएनबी 6. विद्यार्थी सहज लिहून टाकतो की दोन्ही जबडे मागे, खालचा जास्त मागे. आकडे तेच सांगतात, पण निदान चुकलेलं असू शकतं. कोनाला दोन बाजू असतात. एसएनए कमी येण्याचं कारण ए बिंदूकडे जाणाऱ्या बाजूत असेल तसंच सेलाकडे जाणाऱ्या बाजूतही असू शकतं. ओळंबाच तिरका लोंबत असेल तर सरळ भिंतही कललेली दिसते, तसं हे आहे.

ही शंका तपासायला दुसरी रेषा लागते. कानाच्या छिद्राचा वरचा बिंदू पोरिऑन आणि डोळ्याच्या खोबणीचा सर्वांत खालचा बिंदू ऑर्बिटाले, यांना जोडणारी ती फ्रँकफर्ट रेषा. सेला-नेझिऑन रेषा तिच्याशी साधारण 7 अंशांचा कोन करते. या मुलीत तो 12 आला. म्हणजे सेला खाली बसलेला आहे आणि त्यामुळे कवटीच्या तळाची रेषा 5 अंश जास्त तिरकी झाली आहे. ते 5 अंश मिळवले की एसएनए होतं 82 आणि एसएनबी 76. वरचा जबडा आपल्या जागी आहे, मागे राहिलाय तो फक्त खालचा. एएनबी 6 चं 6 राहिलं, कारण त्या कोनात सेला येतच नाही.

पडताळा म्हणून नेझिऑनमधून फ्रँकफर्ट रेषेवर लंब टाकावा. ए बिंदू त्या लंबाच्या जेमतेम एक मिलिमीटर मागे येतो, म्हणजे जवळपास हवा तिथेच. सेला-नेझिऑन रेषेपासून मोजलेला खालच्या जबड्याच्या कडेचा उतारही याच कारणाने फसवतो. तो 40 अंश आला तर सरासरी 32 पेक्षा 8 ने जास्त वाटतो. फ्रँकफर्ट रेषेपासून मोजला तर 28 येतो आणि तिथली सरासरी 25 आहे. म्हणजे चेहरा लांबट आहे, पण पहिल्या आकड्याने घाबरवलं होतं तितका नाही.

अर्थात फ्रँकफर्ट रेषाही निर्दोष नाही. पोरिऑन सेफॅलोग्रामवर शोधायला फार कठीण. चौकटीची कानात घातलेली दांडी मात्र ठळक दिसते, म्हणून नवखा हात तिच्यावरच खूण करतो. खरा पोरिऑन तिच्यापासून काही मिलिमीटर वर असू शकतो. खूण 3 मिलिमीटर खाली पडली तर रेषा सुमारे 2 अंश फिरते आणि आपल्या मुलीची दुरुस्ती 5 ऐवजी 3 अंशांचीच उरते. ए बिंदूचंही तसंच आहे: तो 1 मिलिमीटर पुढेमागे झाला की एसएनए आणि एएनबी सुमारे एका अंशाने बदलतात. काही दिवसांनी जुना कागद न बघता पुन्हा ट्रेसिंग केलं की कोणत्या बिंदूवर हात डळमळतो ते कळतं.

कागदावरचं निदान खुर्चीतही तपासता येतं. मुलीला खालचा जबडा हळूच पुढे आणून दात जुळवायला सांगावं आणि बाजूने पाहावं. खालचाच जबडा मागे असेल तर चेहरा लगेच सुधारलेला दिसतो आणि वाढीचं वय शिल्लक असेपर्यंत ट्विन ब्लॉकसारख्या साधनाचा विचार करता येतो. वरचा जबडा खरोखर पुढे असेल तर याच हालचालीने तोंड आणखी पुढे आलेलं दिसतं.