‘सिम बंद’ म्हणजे नेमके काय?



मोबाईल कंपनीच्या करारातील कलमे पाड्यावरच्या लोकांना समजतील अशा मराठीत मांडताना पहिली अडचण येते ती ‘बंद’ या शब्दाची. नेट मंदावले तरी लोक म्हणतात “बंद पडलं”, पॅक संपला तरी “बंद पडलं”, आणि नंबर कायमचा गेला तरी तेच. करारात मात्र ही वेगवेगळी कलमे आहेत आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा आहे.

सगळ्यात निरुपद्रवी कलम उचित वापराचे. जाहिरातीत ‘अमर्याद डेटा’ लिहिलेले असते. कलमाचा अर्थ असा की दिवसाला ठरलेला डेटा, समजा १ जीबी, पूर्ण वेगाने मिळेल आणि त्यानंतर वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येईल. या वेगाने २ एमबीचा एक फोटो यायला चार मिनिटांच्या आसपास लागतात. व्हिडिओ तर चालतच नाही. पण मध्यरात्रीनंतर वेग आपोआप परत येतो. यासाठी दुकानात जाऊन नवा पॅक मारू नये.

खरे नुकसान सेवा तोडण्याच्या कलमात आहे. इंग्रजीतल्या शब्दाला सरकारी मराठीत ‘निष्क्रिय करणे’ म्हणतात. मी तिथे सरळ लिहितो, “नंबर तुमचा राहणार नाही.” पॅक संपून फोन लागेनासा झाला तरी नंबर तुमचाच असतो. तो जातो वापर न झाल्यामुळे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर किमान ९० दिवस वापराविना राहिल्याशिवाय कंपनीला काढून घेता येत नाही. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला मेसेज, नेट, यांपैकी काहीही झाले तरी तो वापर धरला जातो.

पुढची ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ९० दिवस झाले तेव्हा मुख्य बॅलन्समध्ये २० रुपये किंवा जास्त असतील, तर २० रुपये कापून नंबर आणखी ३० दिवस राखला जातो, आणि पैसे पुरतील तोवर हेच पुन्हा होत राहते.

जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्टीवर जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. फोन घरी पेटीत ठेवला, शेवटचा वापर १ डिसेंबर. ९० दिवस १ मार्चला भरतात. बॅलन्स शून्य असेल तर नंबर गेला, आणि परत मिळवायला फक्त १५ दिवसांची सवलत, तीही २० रुपये भरून. माणसे तर पावसाच्या तोंडावर परततात! पण बॅलन्समध्ये ६० रुपये असते तर तीन वेळा कापून नंबर ३० मेपर्यंत टिकला असता.

इथे एक मेख आहे. पॅक मारल्याने मुख्य बॅलन्स वाढत नाही. त्यासाठी टॉप-अप करावा लागतो. शिवाय २० रुपयांच्या टॉप-अपमधून कर आणि शुल्क जाऊन हातात १५च्या आसपास पडतात, म्हणजे त्या एका टॉप-अपने २०ची अट भागत नाही. १०० रुपयांच्या टॉप-अपमध्ये सुमारे ८० मिळतात. त्यात चार महिने निघतात. निघण्यापूर्वी दुकानदाराला ‘पॅक नको, टॉप-अप’ असे स्पष्ट सांगावे. गेलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, आणि आपल्या बँकखात्याचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. म्हणून नंबर गेलाच, तर नव्या सिमआधी बँकेत जाऊन जुना नंबर काढायला सांगावे.

राहिले बिलाच्या वादाचे कलम. “आमच्याकडे बिलच येत नाही,” असे प्रीपेडवाले म्हणतात. त्यांच्यासाठी वाद म्हणजे बॅलन्समधून न सांगता कापलेले पैसे, बहुधा नकळत चालू झालेल्या गाण्या-बिण्यांच्या सेवेचे. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, ती तक्रार कुठेच नोंदली जात नाही. १९८ या मोफत क्रमांकावर तक्रार करावी आणि मिळालेला डॉकेट क्रमांक वहीत लिहून ठेवावा. तो नसेल तर तक्रार झाल्याचे दाखवायला हाती काही राहत नाही. निकाल पटला नाही किंवा मुदतीत लागलाच नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत, आणि अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो.

पुरावा हवा असेल तर प्रीपेड ग्राहकालाही कॉल आणि कपातीचा तपशील मागता येतो. मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशील कंपनीने ३० दिवसांत द्यायचा असतो आणि त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.