औषध दोघांचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारा तरुण पुरुष ही तक्रार सरळ कधीच सांगत नाही. तो म्हणतो, "उष्णता झालीय, लघवीला जळजळ होतेय." केसपेपरवर "लघवीचा त्रास" असं लिहिलं जातं, आणि डॉक्टरांनी दार लावून घेऊन नीट विचारलं नाही, तर तो खडीसाखर, जिरे आणि मुतखड्याची एखादी गोळी एवढ्यावरच घरी जातो.

असाच एक नमुना रुग्ण डोळ्यांसमोर घेऊ. वय अठ्ठावीस, टेम्पो चालवतो, लग्नाला तीन वर्षं झालेली. जळजळ चार दिवसांची. पडद्याआड तपासल्यावर कातडी मागे सारून मूत्रमार्ग हलक्या हाताने पुढे दाबला की टोकाशी पिवळसर पू दिसतो. आता कारण काय? परमा, म्हणजे गोनोरिया, असू शकतो. क्लॅमिडिया असू शकतो. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. नुसत्या डोळ्यांनी हा फरक खात्रीने सांगता येत नाही आणि तो सांगणारी तपासणी या केंद्रात नसते. नमुना शहरात पाठवून रिपोर्टची वाट पाहायची, तर रुग्ण बहुधा परत येत नाही आणि तोपर्यंत लागण पुढे जाते.

म्हणून इथे लक्षणांवरून उपचार करतात. दिसणाऱ्या लक्षणामागे जे जे नेहमीचे जंतू असतात, त्या सगळ्यांवर त्याच दिवशी औषध द्यायचं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने त्यासाठी रंगीत पाकिटं ठरवून दिली आहेत. पू येत असेल तर करडं पाकीट. त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम असतं. पहिलं औषध क्लॅमिडियासाठी, दुसरं गोनोरियासाठी. दोन्ही एकदाच, शक्यतो तिथेच समोर गिळायची. तासाभरात उलटी झाली तर डोस पुन्हा द्यावा लागतो.

औषधाचा भाग पाच मिनिटांत होतो. अवघड काम पुढे आहे, ते बायकोचं. या दोन्ही रोगांत बाईला बरेचदा काहीच जाणवत नाही. जंतू गर्भाशयाच्या मुखाशी राहतात, पुढे गर्भनलिकांपर्यंत जातात, आणि त्याचा पत्ता कधी कधी ओटीपोटाच्या दुखण्यातून किंवा दिवस राहत नाहीत तेव्हाच लागतो. शिवाय नवरा बरा होऊन घरी गेला की तिच्याकडून त्याला पुन्हा लागण होते. त्यामुळे तिला तक्रार नसली तरी तेच औषध तिलाही द्यावं लागतं, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्या व्यक्तीलाही.

मग तिच्या गोळ्या त्याच्याच खिशात घालून द्याव्यात का? ती येणारच नसेल तर नाइलाजाने तसं करावं लागेल, पण पहिला प्रयत्न तिला केंद्रात आणण्याचाच हवा असं माझं ठाम मत आहे. तिला दिवस गेलेत का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, ओटीपोट दुखतं का, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? ओटीपोट दुखत असेल तर करडं पाकीट पुरत नाही. तिथे चौदा दिवसांचा उपचार लागतो, कधी दवाखान्यात ठेवावं लागतं.

इथे समुपदेशकाचं खरं काम सुरू होतं. ‘जोडीदाराला आणा’ एवढं सांगून कुणी आणत नाही. घरी काय बोलायचं ते त्याच्याकडून तिथेच म्हणवून घ्यावं लागतं. "मला लघवीच्या जागी जंतूंची लागण झालीय. ती तुलाही झाली असेल, त्रास नसला तरी. डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय." यात खोटं काही नाही. केंद्रातून तिला फोन जात नाही आणि त्याचा तपशील त्याच्या संमतीशिवाय तिला सांगितला जात नाही. पण ती आल्यावर हे औषध कशासाठी आहे हे समजण्याचा तिचा हक्क आहे. ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून ते देणं चूकच.

सातव्या दिवशी तो परत आला आणि पू अजून येतोय, तर लगेच औषध बदलायचं नाही. आधी विचारायचं की बायकोने गोळ्या घेतल्या का, आणि या आठवड्यात कंडोमशिवाय संबंध आला का. उत्तर ‘आला’ असेल तर ती बहुधा नव्याने झालेली लागण आहे आणि दोघांनी पुन्हा एकत्र उपचार घ्यायचा. दोघांनी पथ्य पाळलं असेल, तर ट्रायकोमोनास नावाचा तिसरा जंतू किंवा औषधाला न जुमानणारा गोनोरिया मनात धरून मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

जखमेचं गणित वेगळं. बारीक पाणीदार फोडांचा पुंजका, आग आणि पूर्वीही असंच येऊन गेल्याची आठवण असेल, तर ती नागीण जातीची लागण, हर्पिस. त्याला लाल पाकीट, असायक्लोव्हिर सात दिवस. यात विषाणू शरीरातून जात नाही, आणि पहिला फोड लागणीनंतर वर्षांनीही येऊ शकतो. ‘आताच कुठेतरी गेला असशील’ हा आरोप त्यावरून सिद्ध होत नाही, हे जोडप्याला सांगितलंच पाहिजे.

एकच, कडक काठाची, न दुखणारी जखम जास्त फसवी. जांघेत अवधाण आलेलं असतं, पण दुखत नाही म्हणून माणूस मेडिकलमधून मलम घेतो. काही आठवड्यांत जखम आपोआप भरते आणि श्रेय मलमाला जातं. ती गरमी, म्हणजे सिफिलिस असेल, तर रोग आत चालूच राहतो. अगदी सुरुवातीला व्हीडीआरएल तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी फोड नसलेल्या जखमेवर पांढरं पाकीट देतात. बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, अ‍ॅलर्जीची चाचणी करून, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं, आणि सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन. त्या रात्री ताप आला तर घाबरायचं नाही, जंतू मरताना तो येऊ शकतो. जोडीदाराला जखम नसली तरी इंजेक्शन द्यायचं. ती गरोदर असेल तर ते अजिबात टाळायचं नाही, कारण पोटातल्या बाळाचं रक्षण खात्रीने पेनिसिलिनच करतं.

बाईच्या अंगावरून पांढरं जाण्याला मात्र हाच नियम डोळे झाकून लावू नये. पाळीच्या मध्यावर येणारा पातळ, वास नसलेला स्राव निरोगी असतो. त्याने अंगातली ताकद जात नाही. खाज, वास, दह्यासारखा स्राव असेल तर हिरवं पाकीट. पण योनीतल्या त्रासाचं कारण बहुतेक वेळा तिथल्याच जंतूंचा बिघडलेला तोल किंवा बुरशी असते, ते कुणाकडून आलेलं नसतं. अशा वेळी नवऱ्याला औषध तेव्हाच, जेव्हा त्यालाही त्रास असेल किंवा तिचा त्रास पुन्हा पुन्हा उलटत असेल. नाहीतर एका साध्या बुरशीवरून तिच्या चारित्र्याची चौकशी घरात सुरू होते. स्राव गर्भाशयाच्या मुखातून येतोय की योनीतून, हे स्पेक्युलम लावून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि नेमकं तेच सर्वांत जास्त टाळलं जातं.

या पद्धतीची मोठी मर्यादाही बाईच्याच बाजूला आहे. लक्षणच नसेल तर पाकीट निघणार कुठून? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. तिथे संशोधक गावात गेले होते. एरवी अशी बाई केंद्राच्या दारात येण्याची मोठी संधी म्हणजे नवऱ्याच्या हातातली ती जोडीदाराची चिठ्ठी.

चिठ्ठी घेऊन ती आली की दोघांचीही एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी करायची. पहिल्या वेळी निगेटिव्ह आली तरी लागण ताजी असू शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा. उपचार घेतल्यापासून सात दिवस संबंध टाळायचा, नाहीच जमलं तर प्रत्येक वेळी कंडोम. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही औषधं आणि समुपदेशन मोफत मिळतं. आधी नुसतं विचारायचं असेल, तर १०९७ या क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येतं.