मोठेपणाच्या मागे किती मोठेपणे?

प्लेटोच्या ‘पार्मेनिडीज’ या संवादात सॉक्रेटिस अगदी तरुण आहे आणि पार्मेनिडीज पासष्टीच्या आसपासचा. तरुणाने हौसेने मांडलेला सिद्धान्त हा वडीलधारा तत्त्वज्ञ शांतपणे उसवत जातो. गंमत म्हणजे तो सिद्धान्त खुद्द प्लेटोचाच आहे.

डोंगर मोठा, देऊळ मोठे, जहाजही मोठे. या तिघांत समान काय? प्लेटो म्हणतो, ‘मोठेपण’ नावाचे एक रूप आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, बुद्धीला कळते. ते बदलत नाही आणि एकच असते. त्यात सहभागी झाल्यामुळेच या वस्तू मोठ्या ठरतात.

पार्मेनिडीज विचारतो, या तीन वस्तूंबरोबर त्या रूपाकडेही पाहिले तर? तेही मोठेच दिसणार. मग आता मोठ्या गोष्टी चार झाल्या. अनेक गोष्टी मोठ्या असल्या की त्यांना मोठे करणारे एक रूप असते, हा तर सॉक्रेटिसचाच नियम. म्हणजे या चौघांसाठीही एक रूप हवे. ते पहिलेच असून चालणार नाही, कारण ज्यामुळे एखादी गोष्ट मोठी होते ते त्या गोष्टीहून वेगळे असते, असे इथे गृहीत आहे. म्हणून दुसरे मोठेपण आले. तेही मोठे, म्हणून तिसरे. आणि ही रांग संपत नाही. आपल्याकडचे नैयायिक याला अनवस्था म्हणतील. एकच असायला हवे होते ते रूप अगणित झाले, हा खरा घाव.

ॲरिस्टॉटलने या आक्षेपाला ‘तिसरा माणूस’ म्हटले. एक हाडामांसाचा माणूस, दुसरे ‘माणूस’ हे रूप, आणि त्या दोघांना माणूस ठरवणारा तिसरा.

1954 मध्ये ग्रेगरी व्लास्टोस यांनी दाखवले की युक्तिवाद दोन न बोललेल्या गृहीतांवर उभा आहे: मोठेपण स्वतः मोठे असते, आणि मोठी गोष्ट मोठेपणाहून वेगळी असते. त्यांनी मांडली तशी ही दोन्ही एकत्र धरली, तर मोठेपण स्वतःहूनच वेगळे ठरते! म्हणजे विसंगती पहिल्याच पायरीवर येते, रांग लागायची वाटच पाहावी लागत नाही. पुढच्या अभ्यासकांनी गृहीतांची मांडणी बदलून ही रांग सुसंगत करण्याचा प्रयत्न केला.

मला पहिले गृहीतच अधिक संशयास्पद वाटते. जे अवकाशात नाही, ते कोणत्या मापाने मोठे? ‘मोठेपण मोठे आहे’ याचा अर्थ ‘मोठे असणे म्हणजे काय, ते हे’ एवढाच घेतला, तर रूप डोंगराच्या रांगेत बसत नाही आणि चौथी मोठी गोष्ट निर्माणच होत नाही. पण मग सौंदर्याचे रूप सर्वांत सुंदर आहे, असे ‘सिम्पोझियम’मध्ये सुचवणाऱ्या प्लेटोला ही सुटका महाग पडते.

संवादातला सॉक्रेटिस वेगळी वाट धरतो. रूपे म्हणजे नमुने आणि वस्तू त्यांच्या प्रतिकृती, असे तो सुचवतो. पार्मेनिडीजचे उत्तर तयार असते: प्रतिकृती नमुन्यासारखी असेल तर नमुनाही प्रतिकृतीसारखा, आणि त्या सारखेपणासाठी आणखी एक रूप लागणार.