शेगडी टकटकते, पण पेटत नाही

भंडारा हा धानाचा जिल्हा. इथे दोन्ही वेळा भात शिजतो आणि पेज उतू जाऊन बर्नरवर सांडते. ती वाळली की छिद्रे बुजतात. मग बटण फिरवले की ऑटो शेगडी टकटक करते, पण ज्योत येत नाही.

दोष कुठे आहे हे आधी ओळखा. बर्नर काडीने पेटवून पाहा. ज्योत सगळीकडून सारखी आली तर गॅस ठीक आहे, ठिणगी कमी पडते आहे. ज्योत तुटक आली किंवा एकाच बाजूला पेटली तर छिद्रे बुजली आहेत.

छिद्रांसाठी रेग्युलेटर बंद करा. थंड झालेला बर्नर काढून अर्धा तास साबणाच्या गरम पाण्यात ठेवा आणि प्रत्येक छिद्र पिनेने मोकळे करा. टूथपिक आत मोडते, ती नको. खालच्या जेटमध्ये पिन घालू नका, त्याचे भोक मोठे होते. बर्नर पूर्ण वाळवूनच नीट बसवा. ओला राहिला तर पुन्हा पेटणार नाही.

ठिणगी मंद असेल किंवा टकटक संथ झाली असेल, तर शेगडीखालचा सेल बदला. अधिक-उणे बाजू तपासा आणि ठिणगीचे टोक कोरड्या फडक्याने पुसा. एका टिचकीवर चालणाऱ्या शेगडीत मात्र सेल नसतो.

चार-पाच सेकंदांत पेटली नाही तर बटण बंद करून खिडकी उघडा. गॅसचा वास येतच राहिला तर रेग्युलेटर बंद करा, विजेचे बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.