आधी ताळा, मग उत्तर

शाळेत गणित सोडवून झालं की उत्तराखाली ताळा लिहायला लावत. आलेली किंमत मूळ समीकरणात घालायची आणि डावी बाजू उजव्या बाजूइतकी येते का, ते पाहायचं. बहुपर्यायी परीक्षेत हा ताळा शेवटी न करता सुरुवातीलाच करता येतो, कारण उत्तर चारपैकी एका पर्यायात छापलेलंच असतं. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात 50 प्रश्नांना 90 मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. तिथे समीकरण सोडवत बसण्यापेक्षा पर्याय घालून पाहणं अनेकदा लवकर होतं. मला मात्र या पद्धतीचा दुसरा गुण जास्त मोलाचा वाटतो. तो एका उदाहरणावरून लगेच कळेल.

√(x + 7) = x − 5

पर्याय असे आहेत: (अ) 2, (ब) 9, (क) 2 आणि 9, (ड) उकल नाही.

नेहमीच्या रीतीने दोन्ही बाजूंचा वर्ग केला की x + 7 = x² − 10x + 25 मिळतं. आवरून घेतल्यावर x² − 11x + 18 = 0. अवयव पाडले की (x − 2)(x − 9) = 0, म्हणून x = 2 किंवा x = 9. एकही पायरी चुकलेली नाही, त्यामुळे अभ्यासू मुलंही निर्धास्तपणे (क)वर खूण करतात आणि गुण गमावतात.

आता सोडवू नका, घालून पाहा. x = 9 घातलं तर डावीकडे √16, म्हणजे 4. उजवीकडे 9 − 5, म्हणजे 4. जुळलं. x = 2 घातलं तर डावीकडे √9, म्हणजे 3, पण उजवीकडे 2 − 5, म्हणजे −3. जुळलं नाही. उत्तर (ब).

हा 2 आला कुठून? 3 आणि −3 या दोघांचाही वर्ग 9 च येतो. वर्ग करताना चिन्हातला फरक पुसला गेला आणि मूळ समीकरणात नसलेलं मूळ आत शिरलं. किंमत थेट मूळ समीकरणात घातली की ते लगेच उघडं पडतं. म्हणूनच पर्याय घालायचा तो प्रश्नात छापलेल्या समीकरणातच, मधल्या पायरीत नाही. x² − 11x + 18 मध्ये 2 घातला असता तर तो बरोबरच दिसला असता.

शाब्दिक उदाहरणात ही रीत वेगळ्या तऱ्हेने कामी येते. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे. 5 वर्षांनी ते तिप्पट होईल. तर मुलाचं आजचं वय किती? पर्याय: 8, 10, 12, 14. सुरुवात मधल्या पर्यायापासून करावी. 12 घेऊ. वडील 48 वर्षांचे. 5 वर्षांनी मुलगा 17 चा, वडील 53 चे. 17 ची तिप्पट 51. वडील 2 वर्षांनी जास्त निघाले. 14 घेतलं तर 61 आणि 57, म्हणजे फरक आणखी वाढला. याचा अर्थ खाली यायला हवं. 10 घेतलं की वडील 40, पुढे 15 आणि 45. जुळलं. चुकलेला पर्यायही कोणत्या बाजूला जायचं ते सांगतो, म्हणून चारही तपासावे लागत नाहीत.

याच प्रश्नात वडिलांचं वय विचारलेलं असतं, तर पर्यायांत 40 च्या जोडीला 10 सुद्धा हमखास सापडला असता. x ची किंमत 10 मिळाली की घाईत त्यावरच खूण होते. म्हणून जे विचारलं आहे, त्याच्याच जागी पर्याय ठेवायचा. वडिलांचं वय 10 धरलं तर मुलगा अडीच वर्षांचा होतो आणि चूक लगेच नजरेत येते.

दोन समीकरणं असली की सापळा निराळा असतो. 3x + 2y = 16 आणि x − y = 2 घ्या. (2, 5) ही जोडी पहिल्यात चोख बसते, (5, 3) ही दुसऱ्यात, पण दोन्हींत बसते ती फक्त (4, 2). सोपं समीकरण आधी तपासा, म्हणजे बरेच पर्याय तिथेच गळतील. जो उरेल तो दुसऱ्यात घालून पाहिल्याशिवाय सोडू नका.

काही ठिकाणी ही रीत महाग पडते. पर्याय (3 + √5)/2 असे असतील, तर ते घालून वर्ग करण्यापेक्षा वर्गसमीकरणाचं सूत्र लवकर उत्तर देतं. 'यांपैकी नाही' हा पर्याय असेल, तर बाकीचे तिन्ही खोटे ठरेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. मुळांची संख्या विचारली असेल, तर घालून पाहायला किंमतच हातात नसते. आणि लेखी प्रश्नात गुण पायऱ्यांना असतात, तिथे समीकरण रीतसर सोडवावंच लागतं. ताळा पुन्हा आपल्या जुन्या जागी, उत्तराखाली येतो.