मंजुरीपत्र आणि करारनामा: कर्ज फिटत आले, कागद मात्र हाती नाहीत

जेऊर परिसरातल्या एखाद्या ऊसवाल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला असे धरू. शोरूममध्येच फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला असतो. तो एक जाड गठ्ठा पुढे करतो, पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी पंचवीस-तीस सह्या घेतो, आणि ट्रॅक्टर गावात येतो. शेतकऱ्याच्या हाती उरतो हप्त्यांचा तक्ता आणि मोबाईलवरचा एक मेसेज. कर्ज पाच लाखांचे, मुदत पाच वर्षे, व्याज तोंडी सांगितलेले बारा टक्के, महिन्याचा हप्ता १३,३३४ रुपये. दोन वर्षे हप्ते भरल्यावर शिल्लक विचारली की आकडा अंदाजापेक्षा बराच मोठा निघतो. मग कागद शोधायला सुरुवात होते, आणि मंजुरीपत्र व करारनामा आपल्याला कधी मिळालेच नव्हते हे तेव्हा ध्यानात येते.

इथून पुढे जे सल्ले मिळतात, त्यांतले बरेचसे चुकीचे असतात.

गैरसमज: करारनामा बँकेचा कागद आहे, मागितला तर उपकार म्हणून देतात

करारावर दोन बाजूंच्या सह्या असतात, म्हणून तो दोन्ही बाजूंचा असतो. रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्यांसाठी उचित व्यवहार संहिता २००३ साली आखली. तरीही काही बँका प्रत देणे ऐच्छिक समजत होत्या. म्हणून ऑगस्ट २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की कर्ज मंजूर करताना किंवा रक्कम देताना करारनाम्याची आणि त्यात उल्लेख असलेल्या प्रत्येक जोडपत्राची प्रत कर्जदाराला दिलीच पाहिजे. बिगर-बँक वित्त कंपन्यांनाही हेच बंधन आहे. शिवाय मंजूर रक्कम, वार्षिक व्याजदर आणि तो लावण्याची पद्धत कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लेखी कळवावी लागते. जेऊरच्या माणसासाठी ती भाषा मराठी. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योग मुदत कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्रही लागते. सगळे शुल्क धरून वर्षाला प्रत्यक्षात किती टक्के पडतात, हे त्यात एका जागी लिहिलेले असते.

म्हणजे प्रत न मागताच मिळायला हवी होती. अर्जाची भाषाही या समजुतीतूनच यावी. ‘कृपया दुसरी प्रत मिळावी’ असे लिहिणे घातक आहे, कारण त्यातून पहिली मिळाली होती अशी कबुली निघते आणि दुय्यम प्रतीचे शुल्कही अंगावर येते. ‘कर्ज वितरणाच्या वेळी द्यावयाची प्रत आजपर्यंत मिळालेली नाही’ असे सरळ लिहावे.

यावर शाखेकडून येणारे ठरलेले उत्तर असते: ‘तुम्ही प्रत मिळाल्याची सही केली आहे.’ ते खरेही असू शकते. गठ्ठ्यातल्या त्या पंचवीस सह्यांमध्ये एक सही ‘करारनाम्याची प्रत मिळाली’ या ओळीखालीही असते. म्हणून अर्जातच त्या पोचपावतीचीही तारखेसह प्रत मागून ठेवावी. पोचपावतीवर सहीच्याच दिवसाची तारीख असेल आणि करारावर कंपनीच्या अधिकाऱ्याची सही आठवडाभरानंतरची असेल, तर पूर्ण झालेली प्रत त्या दिवशी हाती येणे शक्यच नव्हते. तक्रारीत हा मुद्दा जड ठरतो.

गैरसमज: मंजुरीपत्र मिळाले की काम झाले

मंजुरीपत्र सांगते की अमुक रक्कम, अमुक दराने, अमुक मुदतीसाठी द्यायचे ठरले. ते सहसा एक-दोन पानांचे असते. करारनाम्यात पुढचे सगळे असते: हप्ता चुकल्यावरचा दंड, मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारे शुल्क, वाहन ताब्यात घेण्याची अट, वाद कुठल्या शहरात चालवायचा ते कलम, जामीनदाराची जबाबदारी. रकमेचे आणि दराचे आकडे मात्र बहुधा शेवटच्या परिशिष्टात असतात. छापील कलमे सगळ्या कर्जदारांना सारखीच, त्यामुळे परिशिष्टाशिवाय मिळालेला करार जवळपास निरुपयोगी असतो. सही घेताना कोरे राहते तेही हेच पान.

आपल्या ट्रॅक्टरचेच पाहू. कागद आल्यावर परिशिष्टात ‘१२ टक्के फ्लॅट’ असे निघाले. याचा अर्थ पाच लाखांवर पाचही वर्षे पूर्ण व्याज: वर्षाला ६०,००० प्रमाणे तीन लाख. एकूण आठ लाख भागिले साठ, म्हणून हप्ता १३,३३४. मुद्दल दर महिन्याला कमी होत असते हे धरून हिशेब केला, तर हाच हप्ता वर्षाला सुमारे २० टक्के दराचा होतो. बँकेच्या घटत्या शिलकीवरच्या १२ टक्क्यांशी त्याची तुलनाच होत नाही. परिशिष्टाच्या दुसऱ्या रकान्यात १८,००० रुपये विमा आणि ६,००० रुपये प्रक्रिया शुल्क आधीच कापलेले दिसले. म्हणजे शोरूमला गेले ४,७६,००० आणि व्याज चालले पूर्ण पाच लाखांवर. तोंडी कुणी काहीही सांगितलेले असो, या गोष्टी नुसत्या हप्त्यांच्या तक्त्यावरून सहजी कळल्या नसत्या.

गैरसमज: ‘प्रमाणित प्रत’ म्हणजे सातबाऱ्यासारखी सरकारी शिक्क्याची नक्कल

सातबारा सार्वजनिक अभिलेख आहे. त्याची प्रमाणित नक्कल कायद्याने ठरवलेला अधिकारी देतो. कर्जाचा करारनामा दोन पक्षांमधला खाजगी दस्त आहे, त्याला तलाठ्याचा किंवा नोटरीचा शिक्का लागत नाही. इथे प्रमाणित करायचे ते कर्ज देणाऱ्याने. प्रत्येक पानावर ‘मूळ दस्ताची खरी प्रत’ असा शेरा, शाखेचा शिक्का, अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि तारीख असावी. नुसती झेरॉक्स किंवा व्हॉट्सअॅपवरचे फोटो वाचायला पुरतात, पण उद्या कंपनीने वेगळाच कागद पुढे केला तर तुमच्याकडची झेरॉक्स दुबळी ठरते. ऑनलाइन सह्या झालेल्या कर्जात छापील प्रतीऐवजी डिजिटल सहीची मूळ फाइल मागावी. सही कोणत्या दिवशी, किती वाजता झाली ते तिच्यातच नोंदलेले असते.

खातेउताऱ्याची गोष्ट वेगळी. बँकेच्या वहीतल्या नोंदींच्या प्रमाणित प्रतीसाठी बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट, १८९१ हा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार अधिकाऱ्याने प्रमाणपत्र दिलेला उतारा न्यायालयात पुरावा म्हणून चालतो. म्हणून करारनाम्याबरोबर हा उताराही मागावा, म्हणजे करारात लिहिलेला दर आणि खात्यात प्रत्यक्ष लावलेला दर शेजारी ठेवून पाहता येतो.

जमीन गहाण असेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती फार कमी जण वापरतात. नोंदणीकृत गहाणखताची, किंवा मालकीचे कागद ठेवून कर्ज घेतले असल्यास त्याच्या सूचनापत्राची, प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. त्यात कर्जाची रक्कम आणि तारीख असते. सातबाऱ्यावर बोजा चढला असेल तर त्याचा फेरफारही काढावा. बँक टोलवाटोलवी करत असली तरी हे कागद तिच्या हातात नसतात.

गैरसमज: माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की सगळे मिळते

कर्ज सरकारी बँकेचे असेल तर दहा रुपये भरून स्वतःच्या खात्याचे कागद मागता येतात. खाजगी बँक आणि फायनान्स कंपनी या कायद्याखाली येत नाहीत. सहकारी संस्थाही केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम प्रकरणात ठरवले.

पण विकास सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या सभासदाकडे त्याहून धारदार साधन आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे संस्थेच्या दप्तरातला आपल्या व्यवहाराचा भाग सभासदाला फुकट पाहता येतो. लेखी मागणी करून ठरलेले शुल्क भरले, की एका महिन्यात त्याच्या नकला देणे संस्थेवर बंधनकारक आहे. पीक कर्जात एकेकाच्या नावाचे मंजुरीपत्र बहुधा नसतेच, सगळ्या सभासदांची मंजुरी एकत्र होते. म्हणून मंजुरीच्या यादीतली आपली नोंद, कर्जरोखा आणि सातबाऱ्यावर बोजा चढवणारा कलम ४८ खालचा इकरार, या तिन्हींची नावे घेऊन नकला मागाव्यात. सचिवाने टाळले तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे जेऊरकरांसाठी करमाळ्याला, तक्रार जाते.

गैरसमज: हप्ते थकलेत, आता कोण देणार?

प्रत देण्याच्या नियमात ‘खाते नियमित असल्यास’ अशी अट नाही. उलट थकबाकीदाराला तिची गरज जास्त, कारण नोटिशीतला दंड करारात आहे की नाही हे त्याशिवाय तपासता येत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणून एक समजूत पसरते, आणि ती माणसाला बुडवते: प्रत दिली नाही म्हणून करार रद्द, हप्ते थांबवा. असे होत नाही. पैसे घेतले आहेत आणि सही तुमची आहे, तर कर्ज उभेच राहते. प्रत न देणे ही सेवेतली त्रुटी आहे, त्याची दाद वेगळी मागायची. कागद येईपर्यंत हप्ते चालू ठेवावेत.

सहीच तुमची नसेल तर मामला निराळा. परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या साखर कारखान्याने शेतकऱ्यांच्या नावावर परस्पर कर्जे उचलल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. आपल्या नावावर कर्ज आहे हे अनेकांना बँकेची नोटीस आल्यावर समजल्याचे तेव्हा पुढे आले. अशा वेळी आधी पतअहवाल काढावा. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा तो मोफत देतात, आणि त्यात कर्ज देणाऱ्याचे नाव व कर्जाची तारीख मिळते. मग करारनाम्याबरोबर ओळखपत्रांच्या प्रती आणि रक्कम कोणत्या खात्यात गेली त्याचा तपशीलही मागावा. खोट्या सहीचा निवाडा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल करत नाही. त्यासाठी पोलिसांत फिर्याद द्यावी लागते आणि सही तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी लागते.

अर्जाचा मजकूर लांबवण्याची गरज नाही. असा चालतो:

‘माझे कर्ज खाते क्रमांक … दिनांक … रोजी वितरित झाले. त्या वेळी द्यावयाचे मंजुरीपत्र व करारनामा मला आजपर्यंत मिळालेले नाहीत. कृपया (१) मंजुरीपत्र, (२) सर्व परिशिष्टे व जोडपत्रांसह करारनामा, (३) माझी सही असलेली पोचपावती, (४) विम्याचा अर्ज व पॉलिसी, (५) वितरणापासूनचा खातेउतारा, यांच्या प्रत्येक पानावर खरी प्रत असे प्रमाणित केलेल्या प्रती द्याव्यात. एखादा दस्त उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे.’

शेवटची ओळ गाळू नये. ‘फाइल मुख्य कार्यालयात आहे’ हे तोंडी उत्तर कुठेही दाखल करता येत नाही, लेखी आले की तोच पुरावा होतो. अर्ज शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी, आणि तोच मजकूर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क शाखेत लावणे कंपनीवर बंधनकारक आहे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र उत्तर आलेले नसताना तीस दिवस पूर्ण होण्याआधी केलेली किंवा आधी कंपनीकडे लेखी न मागता केलेली तक्रार तिथे टिकत नाही. ट्रॅक्टरवाल्याचा अर्ज ३ जूनला पोचला असेल, तर त्याने ४ जुलैला शिक्क्याची प्रत, पोस्टाची पोच आणि ईमेल जोडून तक्रार नोंदवावी. तक्रारीत मागणीही एकच ठेवावी, प्रमाणित प्रती मिळाव्यात एवढीच. जास्तीचे व्याज आणि कापलेला विमा यांची तक्रार करार हाती आल्यावर, त्यातल्या कलमांचे आकडे देऊन, स्वतंत्र करावी.