फ्रोझन चिकन-मटारच्या फोटोत काय पाहाल? पांढरा डाग वेगळा, तळाचा लाल बर्फ वेगळा

शहापूर / मुरबाड : पावसाळ्यात किन्हवली, डोळखांब, टोकावडे भागात रात्रीची लाईट गेली की दुकानातला डीप फ्रीझर पण बंद पडतो. सकाळी लाईट आली की माल पुन्हा गोठतो आणि दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो, 'चिकन आहे, मटार आहे.' असा फोटो नीट पाहिला तर बरंच काही कळतं.

समजा, चिकनच्या पाकिटाचा फोटो आलाय. तुकड्यांच्या कडेला पांढरट-राखाडी, कोरडे, चामड्यासारखे डाग दिसतात. पाकिटात हवा राहिली की मांसातलं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि तेवढा भाग सुकतो. यालाच 'फ्रीझर बर्न' म्हणतात. तेवढ्याने माल खराब होत नाही. तो भाग शिजल्यावर चिवट आणि बेचव लागतो, म्हणून कापून टाकायचा.

आता पाकिटाचा तळ बघा. एका कोपऱ्यात लालसर पाणी साचून गोठलंय, तुकडे चपटे होऊन एकमेकांना चिकटलेत, तर चिकन वितळलं होतं असं समजायला जागा आहे. वितळताना रस सुटतो, खाली उतरतो आणि तिथेच पुन्हा बर्फ होतो. मटारमध्ये हीच खूण वेगळी दिसते. चांगले दाणे सुटे असतात, वितळून गोठलेल्यांचा एकच ढेकूळ होतो.

धोका इथे आहे. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. माल कोमट झाला की ते वाढतात आणि पुन्हा गोठवल्यावरही जिवंत राहतात. फ्रोझन माल उणे १८ अंश किंवा त्याहून थंड ठेवायचा असतो. गच्च भरलेला फ्रीझर उघडलाच नाही तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणजे लाईट गेली की माल गेलाच, असंही नाही. झाकण किती वेळा उघडलं, यावर बरंच ठरतं.

पाकिटात थोडं बर्फाचं भुरकं दिसलं म्हणून घाबरू नये. फ्रीझरची थंडी कमी-जास्त झाली तरी ते येतं. कोळंबीवर तर सुकू नये म्हणून मुद्दाम बर्फाचा पातळ थर देतात, तो सगळीकडे सारखा आणि चकचकीत असतो. एकाच खुणेवर निकाल देऊ नये. तळाचा बर्फ आणि चिकटलेले तुकडे दोन्ही दिसले तर माल घेऊ नये.

फ्लॅशच्या उजेडात सगळंच पांढरं दिसतं. म्हणून दुकानदाराकडे उजेडात, फ्लॅश न लावता काढलेले पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. मटार असेल तर पाकीट हलवतानाचा छोटा व्हिडिओ मागा, दाणे सुटे आहेत का ते लगेच कळतं. मात्र वास आणि माल किती तास वितळलेला होता, हे फोटोत येत नाही. फोटो चांगला दिसला, तरी घरी पाकीट उघडल्यावर आंबूस वास आला किंवा मांस बुळबुळीत लागलं तर शिजवू नका, परत करा.